मुंबईत राहून गावच्या शेताला सौर झटका मशीन लावताना

शुक्रवारी रात्री कोकणकन्या किंवा तुतारी पकडून गावाला जायचं आणि रविवारी रात्री परत फिरायचं, असं शेत सांभाळणाऱ्यांसाठी हा लेख आहे. रानडुकरांना आपलं वेळापत्रक पाठ झाल्यासारखंच असतं. सोमवार ते शुक्रवार आपण शेतावर नसतो आणि एका रात्रीत रताळ्याचे वाफे, भुईमूग, पोटरीतलं भात उलटंपालटं होऊन जातं. त्यावर सध्या सगळ्यात जास्त विकला जाणारा उपाय म्हणजे सौर कुंपण, म्हणजेच झटका मशीन. ते चांगलं काम करतं, पण नीट बसवलं तरच, आणि ते सुरक्षितही आहे, पण ठरलेल्या मर्यादेत राहिलं तरच. नमुना म्हणून इथे कोकणातलं एक एकर शेत आणि त्रास देणारं एकच जनावर, रानडुक्कर, एवढंच घेतो.

मशीन नेमकं काय करतं

सौर पॅनेल दिवसभर १२ व्होल्टची बॅटरी भरतं. मशीन त्या बॅटरीतून थोडी थोडी वीज घेऊन आतल्या कपॅसिटरमध्ये साठवतं आणि साधारण सेकंदाला एकदा ती सगळी एकदम ट्रान्सफॉर्मरमधून तारेत सोडतं. तारेवर तेव्हा पाच-आठ हजार व्होल्टचा ठोका जातो, पण तो टिकतो सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी. मग सेकंदभर तार जवळजवळ मेलेली. मशीनजवळ उभं राहिलं की जे ‘टक... टक...’ ऐकू येतं, तो हाच ठोका.

जनावर तारेला लागलं की वीज तारेतून जनावरात, पायातून जमिनीत आणि जमिनीतून अर्थ रॉडवाटे परत मशीनमध्ये येते. हा फेरा पूर्ण झाला तरच झटका बसतो. तारेवर बसलेल्या कावळ्याला काही होत नाही, कारण त्याचे पाय जमिनीवर नसतात. एवढं डोक्यात बसलं की पुढची प्रत्येक पायरी आपोआप समजते.

मग माणूस मरत का नाही

गावकरी मंडळाच्या लालबागच्या खोलीत हा विषय निघाला तेव्हा एका काकांनी सरळच विचारलं, “घरात दोनशे तीस व्होल्ट आहेत त्याने माणूस जातो, आणि ह्या तुझ्या मशीनमध्ये आठ हजार, तरी जात नाही कसा रे?”

“काका, व्होल्टने नाही, किती वेळ किती वीज अंगातून जाते त्याने माणूस जातो,” मी म्हटलं. घरची वीज थांबत नाही. हातातून दहा-वीस मिलिअँपिअर गेले तरी स्नायू आवळतात आणि पकडलेली तार सुटत नाही. ओल्या जमिनीवर अनवाणी उभ्या माणसाच्या अंगातून २३० व्होल्टला दोनशेच्या आसपास मिलिअँपिअर जाऊ शकतात, आणि शंभरच्या आतबाहेर वीज सेकंदभर छातीतून गेली तरी हृदयाची लय बिघडू शकते. मशीनचा ठोका जोराचा असला तरी स्नायू आवळायच्या आत तो संपलेला असतो, आणि पुढचा येईपर्यंत मागे सरायला सेकंदभर मिळतो.

ही सुरक्षितता आकड्यांत बांधलेली आहे. आंतरराष्ट्रीय मानक आयईसी ६०३३५-२-७६ आणि आपल्याकडचं आयएस ३०२-२-७६ कुंपणाच्या मशीनसाठीच आहे. त्यातल्या तीन गोष्टी लक्षात ठेवा. एका ठोक्याची ऊर्जा, ५०० ओहमच्या भारावर मोजलेली, ५ ज्यूलच्या वर जाता कामा नये. एक ठोका १० मिलिसेकंदांपेक्षा जास्त टिकता कामा नये. आणि सेकंदाला एकापेक्षा जास्त ठोके पडता कामा नयेत.

म्हणून घरची लाईट थेट तारेत सोडणं आणि झटका मशीन या दोन वेगळ्याच गोष्टी आहेत. बल्ब मध्ये लावून, चोक लावून किंवा साध्या ट्रान्सफॉर्मरवरून सोडली तरी ती घरचीच वीज. अशा तारेला चिकटून दरवर्षी माणसं जातात, बरेचदा रात्री पाणी लावायला निघालेला शेजारी किंवा घरातलंच कोणी. मनुष्यवधाचा गुन्हा लागतो, वीज कायदा २००३ खाली वीजचोरी लागते आणि जनावर मेलं तर वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ लागतो. गावात कोणी असं करत असेल तर त्याला आजच थांबवा. मशीनचं काम जनावराला घाबरवून परतवण्याचं आहे, मारण्याचं नाही.

विकत घेताना

लोहार चाळीत विचारा किंवा ऑनलाइन बघा, जाहिरात व्होल्टची असते: बारा हजार, पंधरा हजार. त्याला भुलू नका. मोकळ्या मशीनवर व्होल्ट दाखवणं सोपं असतं. तारेला गवत लागल्यावर ते किती टिकतात हे ज्यूलवर ठरतं. पाटीवर बाहेर पडणारी ऊर्जा ज्यूलमध्ये लिहिलेली हवी. काही ठिकाणी आत साठलेली ऊर्जा लिहितात, ती नेहमी मोठी दिसते, म्हणून कोणती ते विचारून घ्या. एका एकराला बाहेर पडणारा एक ज्यूल पुष्कळ झाला. मानकाचा क्रमांक पाटीवर नसेल तर ते मशीन स्वस्त मिळालं तरी घेऊ नका.

दुकानात एक तपासणी कोणीही करू शकतं. मशीन चालू करून घड्याळ लावा आणि टक-टक मोजा. मिनिटाला साठच्या वर ठोके गेले तर मशीन परत करा. काही मशीनवर ठोके वाढवायची चावी असते आणि विक्रेता ती ‘जास्त पॉवर’ म्हणून दाखवतो. ती पॉवर म्हणजे माणसाला सुटायला मिळणारा वेळ कमी करणं आहे.

सोबत कुंपणाचा व्होल्टमीटर घ्याच. साधा मल्टिमीटर तारेला लावला तर तो जळेल.

आधी अर्थिंग, मग तार

कुंपण चालत नाही अशी दहा जणांची तक्रार असेल तर बहुतेकांची खोट अर्थिंगमध्ये निघते. तार दिसते म्हणून तिच्यावर खर्च होतो. अर्थ रॉड जमिनीत जातो म्हणून एक फुटका पाइप ठोकून काम उरकलं जातं.

कमीत कमी तीन जीआय रॉड, प्रत्येक सहा फूट खोल, एकमेकांपासून दहा फुटांवर. तिन्ही एकाच तारेने घट्ट क्लॅम्प करून मशीनच्या अर्थ टर्मिनलला जोडा. घराच्या किंवा पंपाच्या अर्थिंगपासून ते किमान १० मीटर लांब हवेत, नाहीतर ठोका घरच्या नळात, पंपात शिरतो.

कोकणात अडचण जांभ्याची आहे. पावसात सगळं ओलं असतं तेव्हा कुंपण झकास चालतं, आणि फेब्रुवारीनंतर कातळ सुकला की जनावराच्या पायाखालची जमीनच वीज वाहत नाही. त्याला दोन उपाय आहेत. रॉड विहिरीजवळ, मोरीचं पाणी जातं तिथे, माडाच्या आळ्याजवळ ठोका. मशीनपासून ती जागा लांब असली तरी चालेल, अर्थची तार तिथपर्यंत न्या. दुसरा उपाय म्हणजे कुंपणातली एक तार अर्थची ठेवायची. जनावराचं नाक झटक्याच्या तारेला आणि मान अर्थच्या तारेला लागली की जमीन सुकी असली तरी फेरा पूर्ण होतो.

अर्थिंग बरोबर आहे का, हे असं तपासा. मशीनपासून शंभरेक मीटरवर दोन-तीन लोखंडी सळ्या तारेला टेकवून जमिनीत खुपसा म्हणजे तारेवरचा व्होल्टेज दोन हजारांच्या खाली येईल. सळ्या लावताना मशीन बंद ठेवा. मग मशीन चालू करून शेवटच्या अर्थ रॉडवर व्होल्टमीटर लावा. तिथे २०० ते ३०० व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अजून रॉड हवेत.

तारा: डुकराच्या नाकाच्या उंचीवर

डुकराच्या अंगावर राठ केस आणि जाड कातडं असतं. तार पाठीला लागली तर त्याला फारसं जाणवत नाही, आणि जाणवलं तरी अर्धं आत शिरलेलं डुक्कर पुढेच धावतं, तार तोडून. ओल्या नाकावर झटका बसला तरच ते मागे उलटतं. म्हणून तारेची उंची हाच डुकराच्या कुंपणातला सगळा हिशोब आहे.

एका एकराला, समजा ६० बाय ६८ मीटरचा तुकडा, परीघ २५६ मीटर होतो. जमिनीपासून ८, १८ आणि ३० इंचांवर तीन तारा घ्या: ८ आणि ३० इंचांवरच्या झटक्याच्या, मधली १८ इंचांची अर्थची. अडीच मिलिमीटरची जीआय तार एकूण पावणेआठशे मीटर, म्हणजे साधारण ३० किलो लागेल. खांब पाच-पाच मीटरवर धरले तर बावन्नच्या आसपास. कोपऱ्यांचे खांब जाड, तिरका टेकू दिलेले, कारण ताण सगळा तिथे येतो. जमीन खालीवर असेल तिथे मध्ये जास्तीचा खांब घाला. बांधाच्या खोलगटात तार दीड फूट वर राहिली की डुक्कर तिथूनच जातं.

प्रत्येक खांबावर झटक्याच्या तारेला उन्हात न तडकणारा इन्सुलेटर हवा. सायकलच्या ट्यूबचे तुकडे आणि पाण्याच्या पाइपचे कापे पहिल्या पावसापर्यंत टिकतात. मशीनपासून कुंपणापर्यंत आणि फाटकाखालून जाणाऱ्या तारेला घरची वायर वापरू नका. तिचं आवरण इतक्या व्होल्टेजसाठी बनलेलं नसतं, ते फुटून ठोका जमिनीत जातो. कुंपणाची दुहेरी आवरणाची केबल मिळते, ती पाइपात घालून पुरा.

मशीन पहिल्या रात्रीपासून चालू हवं. तारा ओढून ठेवल्या आणि मशीन पुढच्या शनिवारी जोडलं, तर मधल्या रात्रींत डुकरांना तारेतून वाट पडते आणि सवय मोडायला फार त्रास होतो. पीक पोटरीत यायच्या आधीच कुंपण उभं असू द्या.

बॅटरी जुलैच्या हिशोबाने

पॅनेलचा आकार विक्रेते उन्हाळ्याच्या उन्हावर सांगतात. कोकणात पीक असतं ते पावसात. समजा मशीन सरासरी ०.२ अँपिअर घेतं. चोवीस तास चाललं तर दिवसाला ४.८ अँपिअर-तास, संध्याकाळी सहा ते सकाळी सात चाललं तर २.६. डुक्कर रात्रीच येतं, शेतावर माणसं आणि पोरं दिवसा असतात, म्हणून रात्रीपुरतंच चालवणं दोन्ही बाजूंनी बरं. बऱ्याच मशीनमध्ये उजेड पाहून आपोआप चालू-बंद व्हायची सोय असते.

२६ अँपिअर-तासांच्या बॅटरीतले अर्धेच वापरायचे धरले तर १३, म्हणजे अजिबात ऊन नसलं तरी पाच रात्री निघतात. २० वॉटचं पॅनेल थंडीत रोजचं भरून काढतं, पण आषाढात आठवडाभर काळोखी राहिली की मागे पडतं. तिथे ४० वॉटचं घ्या. दक्षिणेला तोंड करून, पाणी आणि शेवाळ निथळेल इतका वीसेक अंशांचा उतार द्या, आणि वर आंब्याची फांदी येत नाही ना ते सकाळी, दुपारी, संध्याकाळी असं तीनदा बघा.

बॅटरी घरच्या चार्जरवर भरायची वेळ आली तर आधी ती मशीनपासून सोडवा. चार्जर, बॅटरी आणि कुंपण कधीही एकाच वेळी जोडलेलं नको. चार्जर बिघडला तर घरची वीज थेट तारेत जाईल.

इथे थांबायचं

सगळ्यात मोठा धोका डोक्याला आणि मानेला आहे. हाताला बसलेला झटका सोडून देता येतो. तारेखालून वाकून जाताना कपडा अडकला, पाय घसरला आणि मान तारेवर पडून राहिली, तर ठोक्यामागून ठोका डोक्यात जात राहतो. मर्यादेतल्या मशीनवरही असे मृत्यू झाले आहेत. म्हणून तारेखालून किंवा तारांमधून कोणीही कधीही जायचं नाही, मशीन बंद आहे असं वाटलं तरी. फाटक ठेवा, आणि ते आपल्या सोयीच्या जागी नाही, तर लोकांच्या जुन्या वहिवाटीवर ठेवा. वाट बंद केली की लोक तारेखालूनच जाणार.

काटेरी तारेत वीज सोडायची नाही, कारण कपडे आणि कातडी तिच्यात अडकते. एका कुंपणाला एकच मशीन. शेजाऱ्याचं वेगळं मशीन असेल तर दोन्ही कुंपणांत किमान अडीच मीटर अंतर हवं, नाहीतर माणसाच्या एका हाताला तुमचा ठोका आणि दुसऱ्याला त्याचा, आणि मधला सुटायचा सेकंद राहत नाही. महावितरणच्या तारांखालून कुंपण नेणं टाळा. टळत नसेल तर काटकोनात न्या, तारांना समांतर कधीच नको. वरची तार तुटून कुंपणावर पडली तर सगळं कुंपण जिवंत होतं.

पायवाटेच्या बाजूला पिवळ्या रंगावर काळ्या अक्षरांत ‘धोका, विजेचं कुंपण’ अशा पाट्या लावा, रात्री टॉर्चच्या उजेडात वाचता येतील अशा. गणपतीला किंवा शिमग्याला मुंबईची पोरं गावाला आली की त्यांना पहिल्याच दिवशी कुंपण नेऊन दाखवा. पेसमेकर असलेल्या माणसाला तारेजवळ जाऊ देऊ नका. वळवाच्या किंवा परतीच्या पावसात विजा कडाडू लागल्या की कुंपणाकडे फिरकू नये. मशीन वाचवायचं असेल तर ढग दिसताच कुंपणाची आणि अर्थची जोडणी काढून ठेवा.

आणखी एक मर्यादा विक्रेता सांगणार नाही. खवले मांजर तारेला लागलं तर पळत नाही, ते अंगाची गुंडाळी करतं, आणि त्या गुंडाळीत तारच धरली जाते. मग सकाळपर्यंत ठोके बसून ते मरतं. तुमच्या बांधावर फोडलेली वारुळं दिसत असतील तर खालची झटक्याची तार ८ ऐवजी १२ इंचांवर घ्या. डुकराची लहान पिलं खालून सरकतील, मोठं डुक्कर तरीही नाकानेच लागेल. हा सौदा मला पूर्ण मान्य आहे. रोज सकाळी खालच्या तारेवरून नजर फिरवायची सूचना राखणदाराला द्याच.

मुंबईतून देखरेख

गावात जो भाऊ किंवा वहिनी शेतावर नजर ठेवतात, त्यांच्याकडे व्होल्टमीटर देऊन ठेवा. दिवेलागणीला मशीनपासून सगळ्यात लांबच्या टोकाला मीटर लावून त्याचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवायचा, एवढंच काम. पाच हजारांच्या वर असेल तर निवांत. चार हजारांच्या खाली गेला तर त्याच दिवशी कारण शोधा, कारण तीन हजार व्होल्टला डुक्कर जुमानत नाही.

कारण कसं शोधायचं, त्याचं हे एक उदाहरण. ऑगस्टमध्ये टोकाचा फोटो आला, २४०० व्होल्ट. फोनवरून मशीनची कुंपणाची तार सोडवायला सांगितली आणि नुसत्या मशीनवर मोजलं: ८५००. म्हणजे मशीन आणि बॅटरी ठीक. तार परत जोडून अर्थ रॉडवर मोजलं: २००. अर्थिंगही ठीक, म्हणजे वीज कुंपणातच कुठेतरी झिरपतेय. मशीन बंद करून फाटकाजवळची जोडणी सोडली आणि चालू करून मशीनच्या बाजूच्या अर्ध्यावर मोजलं तर ७८००. दोष पलीकडच्या अर्ध्यात. अंधार पडल्यावर त्या बाजूने नुसतं चालत गेल्यावर ओढ्याकडच्या तिसऱ्या खांबावर निळी ठिणगी चमकताना दिसली आणि तोच ‘टक’ तिथेही ऐकू आला. इन्सुलेटर तडकला होता आणि ओल्या खांबातून वीज जमिनीत जात होती. त्याच्या पुढे दहा-बारा पावलं खालच्या तारेत गवत गुंतलेलं होतं. इन्सुलेटर बदलला, गवत कापलं आणि टोकाला ६४०० दिसले. याउलट अर्थ रॉडवर हजाराच्या पुढे आकडा आला असता, तर तारेकडे न बघता आधी रॉडचे क्लॅम्प घासले असते.

पावसाळ्यात तारेखालचा दोन फुटांचा पट्टा दर पंधरा दिवसांनी बेणावा लागतो, आणि मजुरीच्या हिशोबात तो पहिल्यापासून धरा. उन्हाळ्यात तिथे सुकं गवत ठेवू नका, ठिणगीने वणवा लागू शकतो.

माकडांसाठी हे कुंपण घेणार असाल तर थांबा. वानर आणि माकडं झाडावरून आत उडी मारतात आणि लाकडी खांबावर बसून निवांत खाली उतरतात. हवेत असताना त्यांचा फेरा पूर्णच होत नाही. त्यांच्यासाठी अर्थला जोडलेली जाळी, तिच्या वर जवळजवळ ओढलेल्या झटक्याच्या तारा आणि कुंपणाबाहेरच्या फांद्यांची छाटणी एवढं सगळं लागतं, आणि तरीही माडाची झावळी कुंपणावर लोंबत असेल तर पैसे वाया जातात. बिबट्यालाही या तीन तारा अडवत नाहीत; गोठ्यासाठी चहूबाजूंनी आणि वरून बंद असलेली खोलीच हवी.